दोघी बहिणींचा एकच रंग

११ फेब्रुवारी २०२६, बुधवार. देवरे बहिणी पार्लरमध्ये आल्या. मामेबहिणीच्या लग्नात दोघींना एकसारखे फिकट सोनेरी केस हवेत.

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली रोजनिशीची सवय उज्वलाताईंनी इंदिरानगरातल्या आपल्या पार्लरमध्येही सोडली नव्हती; वरची नोंद त्यातलीच. त्यांनी आधी दोघींची एकेक बट ब्लीच करून पाहिली. थोरल्या सायलीचे केस मुळात तपकिरी. तिची बट पिवळी झाली. धाकट्या राखीची काळीभोर बट लाल होऊन नारिंगीवर अडली. ओली बट रबरासारखी ताणली जाऊ लागली, तेव्हा ताईंनी ती लगेच धुतली.

"माझ्याच वाट्याला नेहमी कमी!" राखीचे डोळे भरले.

"कमी नाही गं. काळ्या केसात लाल रंगच जास्त दडलेला. तो पुरता निघायच्या आत केस तुटतील."

"मग सोनेरी राहू दे," सायली म्हणाली. "काकू, मला हिच्याइतकंच थांबवता येईल?"

"येईल की! तांबूस दिसताच दोघींचं धुऊ. तुझं लवकर होईल, म्हणून तुझं आधी, हिचं नंतर."

"नवरीपेक्षा आपल्याकडेच बघतील सगळे!" राखी नाक पुसत हसली.

संध्याकाळी ताईंनी लिहिलं: दोघी तांबूस. पार्लरचे टॉवेल भिजत घातले.