तिसरी किल्ली

आमच्या सबस्टेशनच्या मॅडमना प्रॉडक्शनवाले ‘घाबरट मॅडम’ म्हणायचे. म्हणोत बापडे! पॅनेलसमोर उभं राहून ब्रेकर, म्हणजे ते मोठाले स्विच, चढवायचे ते मी, हे नव्हेत.

दोन ट्रान्सफॉर्मर, प्रत्येकाचा एक ब्रेकर आणि मध्ये दोन्ही बाजू जोडणारा कपलर. कुलपं तीन, किल्ल्या दोनच; कुलपात किल्ली असल्याशिवाय ब्रेकर चालू होत नाही. म्हणजे तिन्ही एकदम चढणारच नाहीत. पण एक बाजू दुसरीवर घेताना अर्धी शेड थोडा वेळ बंद पडायची आणि मॅनेजरसाहेबांचा जीव वरखाली व्हायचा. म्हणून त्यांनी गुपचूप तिसरी किल्ली करून घेतली. आधी कपलर चढवायचा, मग एक ब्रेकर उतरवायचा. शेड चालूच! सगळे खूश, मीसुद्धा.

मॅडमनी शॉर्ट सर्किटचा हिशेब मांडला आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं: एका ट्रान्सफॉर्मरवर शॉर्ट झाला तर चाळीस-बेचाळीस किलोअँपिअर, दोन्ही जोडलेले असताना जवळजवळ दुप्पट, पॅनेल सोसतं पन्नास. तिसरी किल्ली नष्ट केल्याशिवाय हा अहवाल लागू नाही.

साहेब भडकले. “तपासणीवाले येतायत आणि तुम्ही आमचीच अब्रू काढताय? ते वाक्य मागे कुठंतरी टाका. क्षणभराचा तर खेळ असतो!”

“साहेब, घोळ होतो तो ब्रेकर चढवतानाच. आणि त्या क्षणी समोर काका असतात.”

काका म्हणजे मी. इतकी वर्षं मी त्या पॅनेलच्या दाराला पाठ टेकून चहा प्यायलोय हो!

“सही करा, नाहीतर दुसरा माणूस बघतो,” साहेब म्हणाले.

“बघा,” मॅडम म्हणाल्या. आवाज कापत होता, पण वाक्य जागचं हललं नाही. काय छाती त्या बाईची!

तपासणीच्या बाईंनी पहिलं पान वाचलं आणि साहेबांपुढे नुसता हात पसरला. साहेबांनी खिशातून किल्ली काढली. व्हाइसच्या पकडीत आवळून हॅकसॉ करवतीनं मीच तिचे तुकडे केले.

त्याच अहवालाप्रमाणे मॅडमनी ब्रेकरला सुटायचा हुकूम देणाऱ्या रिलेंची सेटिंगंही बदलली. फॉल्ट ज्या फीडरवर, म्हणजे यंत्राकडे जाणाऱ्या लाइनवर, तो आधी सुटून बंद व्हावा. ट्रान्सफॉर्मरच्या मुख्य ब्रेकरनं जरा दम धरावा.

नंतर एकदा मी एक बाजू दुसरीवर घेतली, रीतसर, अर्धी शेड बंद करून. कपलर चढवला, तोच कॉम्प्रेसरच्या केबलपेटीत धाडकन आवाज झाला. दिवे मंदावले. कॉम्प्रेसरचा फीडर सुटला, मुख्य ब्रेकर जागचा हलला नाही, दुसऱ्या अर्ध्या शेडमधली यंत्रं चालूच राहिली. तिसरी किल्ली असती तर त्या क्षणी दोन्ही ट्रान्सफॉर्मर जोडलेले असते आणि पॅनेल माझ्या तोंडावरच फुटलं असतं.

मॅडम धावत आल्या. रिले नाही, मीटर नाही, आधी माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. “काका, काही झालं नाही ना?”

“काही नाही गं पोरी,” मी म्हटलं आणि भर ड्यूटीवर ढसाढसा रडलो.