वारंगा फाट्यावरून गेलेले दोघे

नांदेडच्या क्लिनिकमध्ये आमचे दोन भ्रूण गोठवून ठेवले होते. पुढचा उपचार नागपूरला, माझ्या बहिणीकडे राहून करायचा ठरला, तेव्हा नांदेडला मेल लिहायचं काम यजमानांनी घेतलं. ते पंचायत समितीत लिपिक. मेलची सुरुवात 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर' अशी झाली आणि खाली अर्जदार म्हणून त्यांचं एकट्याचंच नाव आलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. संमतीपत्रावर दोघांच्या सह्या हव्यात, नागपूरच्या क्लिनिकचं स्वीकारपत्रही हवं. मग भ्रूण आणि उपचारांची कागदपत्रं पाठवू.

"अर्जदार एकच असते ना," ते म्हणाले.

"व्हय का? मग लेकरूबी एकट्यानंच करा."

संमतीपत्रावर त्यांच्या सहीखाली मी सही केली, नागपूरचं पत्र जोडलं, आणि दोन ओळींचा मेल धाडला.

भ्रूण न्यायच्या दिवशी द्रव नायट्रोजननं गार केलेली टाकी गाडीत उभी बांधली होती. गाडी वाटेत कुठंच थांबणार नव्हती. तरी आम्ही आमच्या बाळापूरहून नांदेड-नागपूर रस्त्यावरच्या वारंगा फाट्यावर येऊन चहाच्या टपरीशी उभे राहिलो. पांढरी गाडी झर्रकन गेली. मंत्र्यांच्या ताफ्याला जोडतात तसे यजमानांनी हात जोडले. मी खूप हसले, आणि मग पाहिलं तर माझाही हात टाटा करत होता.

संध्याकाळी नागपूरचा मेल आला: टाकी मिळाली, तापमान बराबर, दोन्ही भ्रूण साठवणुकीत.

"पोच आली," यजमान म्हणाले, आणि त्यांनी मोबाइललाच हात जोडले.