नवीन आवाजाची सून

रोह्यात मी ज्या आजींना सांभाळते, त्यांना काचबिंदूमुळे सावल्यांपलीकडे काही दिसत नाही. संध्याकाळी त्या मालिका लागल्यावरच जेवायला बसतात. त्या ऐकतात आणि मी सांगते, सुनेनं आज कुठली साडी नेसलीय, सासूचं तोंड कसं झालंय. माझ्याआधीची बाई हे छान सांगायची म्हणे. तिचं लग्न ठरलं आणि हिंगोलीकडून मी आले. आजींची मुलगी, ताई, पेणला शिक्षिका आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "महिनाभर बघू. आई नीट जेवली तर राहा." त्यामुळे आजींच्या प्रत्येक घासाकडे माझं लक्ष असायचं.

एका सोमवारी मालिकेतली सून बोलत आत आली आणि आजींचा घास हातातच राहिला.

"ही कोण गो?"

"सूनच, आजी. तीच हिरवी साडी, तेच मंगळसूत्र."

"साडी नाय विचारली. आवाज कोणाचा हाय?"

मी नीट पाहिलं तर चेहराही निराळा. खाली पट्टी सरकत होती. माझी शाळा सातवीत सुटली. मला वाचता येतं, पण सरकती अक्षरं धरता येत नाहीत. "आजपासून ही भूमिका" एवढं वाचेपर्यंत पट्टी गेली. नवी आहे एवढंच कळलं, का ते नाही. पडद्यावर तर सासू, दीर, नवरा, सगळे रोजच्यासारखे तिच्याशी बोलत होते.

"नवऱ्याला पण कळत नाय?" आजी म्हणाल्या आणि ताट सारलं.

जेवणाआधीचं इन्सुलिन टोचून झालं होतं. न जेवता साखर एकदम उतरेल म्हणून मी घाबरून गोड दूध दिलं. ते त्या कशाबशा प्यायल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. टीव्ही बंद ठेवला तरी जेवेनात.

मग मी मोबाईलवर शोधलं, मालिकांच्या बातम्याही ऐकल्या. जुन्या नटीनं आठवड्यापूर्वीच व्हिडिओ टाकला होता. दिवस गेलेत, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, बारा-तेरा तासांचं शूटिंग आता झेपणार नाही, असं तिनं हात जोडून सांगितलं होतं. वाहिनीची जाहिरातही सापडली. आधी पाठमोरी सून, मग वळून नवा चेहरा. जाहिरातीत आवाज नव्हता, नुसतं संगीत. म्हणून आजींना काही कळलं नाही, आणि मी तेव्हा भाकऱ्या थापत असणार.

व्हिडिओ त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी तो दोनदा ऐकला.

"पोटुशी हाय होय. मग थांबायचं तिच्यासाठी."

"रोज भाग लागतो, आजी. चार-पाच दिवसांपुरतंच पुढचं शूटिंग झालेलं असतं. थांबले तर दाखवणार काय?"

"म्हायेरी पाठवायची."

"पंधरा दिवस पाठवतात कधी कधी, नवी मिळेपर्यंत. वर्षभर कशी ठेवणार?"

"मग मारायची. फोटोला हार घातला की झालं."

"कोर्टातली केस तिच्यावर, लेकरू तिचं. ती मेली तर मालिकाच संपली."

आजींनी हातानं मोबाईल बाजूला केला. "बदलतात त्या सगळ्याच पोटुशी असतात?"

"नाही. कुणाचा करार संपतो, कुणाला सिनेमा मिळतो, कुणाचं निर्मात्याशी पटत नाही. तेव्हा 'वैयक्तिक कारण' एवढंच सांगतात. पट्टी एक-दोन दिवस, मग तीही नाही."

"आम्हाला विचारीत नाय कोण."

"नाही, आजी."

त्या संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. ती मला केवढी वाटली.

नंतर आईला फोन लावला. तीही तीच मालिका बघते. आमचं बोलणं त्यावरच चालतं, नाहीतर पाऊस आणि तब्येत झाली की दोघींकडे काही उरत नाही.

"नवी बरीय की," आई म्हणाली. "दोन दिवस येगळं वाटलं. आता जुनीचं तोंड बी आठवना."

मी हूं म्हटलं. घरी माझ्या जागी आता भावाची बायको भाकऱ्या करते. आई तिच्याबद्दलही बरंच बोलते. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्याशी उभी होते.

रविवारी ताई पेणहून आल्या. शेजारणीनं त्यांना सगळं कळवलेलं. मी आत चहा ठेवला तेव्हा त्या बाहेर हळू आवाजात म्हणत होत्या, "आई, वडखळची एक बाई आहे. अनुभवी. हिला पट्टीसुद्धा वाचता येत नाही."

"पट्टी वाचून माजं पोट भरनार हाय?" आजी म्हणाल्या. "का बदलली ते हिनं सांगितलं. तू फोन केलास तेव्हा नुस्तं 'जेवलीस का' विचारलंस."

"अगं, पण तूच म्हणायचीस ना, आधीची चांगली होती?"

"होतीच. हिच्यापेक्षा चांगली होती." चहा उतू जाऊ लागला, मी गॅस बारीक केला. "पन आता हिचा आवाज कानाला बसलाय. मधीच तिसरी आणू नको. परत मला सुरवातीपासून ऐकावं लागंल."

ताईंनी आत येऊन मला राहायला सांगितलं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्या मागे सरकल्या.

देवाचे उपकार आहेत, जागा राहिली. संध्याकाळी आजींसमोर ताट ठेवलं, टीव्ही लावला आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं, "जांभळी साडी आहे, आजी."

"सांग पुढं," त्या म्हणाल्या आणि घास घेतला.