वहिनींचं स्वतःचं व्याज

माझ्या वहिनी फारशा बोलत नाहीत. आमच्या घरात बोलण्याचं कंत्राट दादाकडे आहे. दादा दातांचा डॉक्टर, त्यामुळे समोरच्याचं तोंड उघडं आणि उत्तर बंद, ही त्याची रोजची सवय. वहिनी लग्नाआधी नकाशे काढायच्या एका बांधकाम कचेरीत. लेक झाली आणि नोकरी सुटली. तेव्हापासून चपला घ्यायच्या तरी दादाकडे हात पसरायचा. दादा कधी नाही म्हणाला नाही, पण "कशाला?" हे मात्र दर वेळी विचारायचा.

मी कर सल्लागार. सख्खा भाऊ या धंद्यात असताना दादा रिटर्न स्वतःच भरायचा, कारण धाकट्या भावाला काय कळतंय. यंदा दवाखान्यात नवीन मशीन आलं, हिशेब डोक्यावरून जायला लागला, तेव्हा आला वहिनींना घेऊन माझ्या ऑफिसात. खुर्चीत बसल्या बसल्या शेखी मिरवायला लागला.

"तुला एक युक्ती सांगतो. तीन वर्षांपूर्वी हिला वीस लाख दिले, हिच्या नावावर एफडी केली. हिला दुसरी कमाई नाही, म्हणजे व्याजावर टॅक्स शून्य. माझ्याकडे असते तर तीस टक्के गेले असते."

माझं डोकंच फिरलं. "आणि ते व्याज तुझ्या रिटर्नमध्ये दाखवलंस?"

"माझ्या कशाला? एफडी हिची."

"अरे शहाण्या, बायकोला दिलेल्या पैशावर टॅक्स नाही, ते खरं. पण तो पैसा जे कमावतो, ते देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. सगळं व्याज तुझं. मागच्या वर्षांचं सुधारून भरावं लागेल, वर दंडाचं व्याज."

दादा लाल झाला. मग म्हणाला, "बरं, लेकीच्या नावावर टाकू."

"ती अठराची होईपर्यंत तिचं व्याज आईबापांपैकी ज्याची कमाई जास्त, त्याच्या नावावर. म्हणजे परत तूच."

दादा वहिनींकडे वळला. "मग काय उपयोग? मोडून टाक ती एफडी. पैसे माझ्या खात्यात आण, दवाखान्यात तरी लागतील."

मी फाइलमध्ये नाक खुपसलं. खरं सांगतो, मला वाटलं वहिनी नेहमीसारख्या 'बरं' म्हणतील. लग्नानंतर त्यांच्या नावावर आलेली ही एकच गोष्ट, आणि ती निघून चालली होती.

वहिनींनी मलाच विचारलं, "भाऊजी, टॅक्स यांच्या नावावर येतो, की पैसेही यांचे होतात?"

"फक्त टॅक्सपुरतं व्याज दादाचं धरतात. पैसे तुमचेच. दिलेलं ते दिलेलं."

"मग मी मोडणार नाही." आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी नाही. "अहो, तुमच्यावर या व्याजाचा जो टॅक्स येईल, मागचा आणि पुढचा, तो मी देईन. त्या व्याजातूनच. तुमचं नुकसान नको. पण मुद्दल मला दिलंत ना, मग ते माझं आहे."

दादाचं तोंड उघडं राहिलं. दातांच्या डॉक्टरचं असं तोंड मी प्रथमच पाहिलं.

मी विचारलं, "व्याज खर्च केलंत?"

"नाही. हातात आलं की दुसऱ्या खात्यात टाकत होते आणि तिथे वेगळी ठेव. यांच्यात मिसळू नये म्हणून. त्यालाही थोडं व्याज येतं."

मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. ते थोडं व्याज, म्हणजे व्याजावरचं व्याज, दादाच्या उत्पन्नात येत नाही. ते वहिनींचं, कायद्यानेही. नियम ठाऊक नसताना या बाईने तीन वर्षं एकेक रुपया वेगळा ठेवून तेवढा कोपरा स्वतःसाठी राखला होता. मला हे पेलवेना. माझे अशील काय काय पळवाटा शोधतात, रोज बघतो मी. हे मात्र कधीच पाहिलं नव्हतं. मी उठून उभा राहिलो, कशासाठी ते मलाच कळलं नाही. दादाने विचारलं, "पाणी हवंय का?" मी हो म्हटलं.

टॅक्सचा आकडा काढला. वहिनींनी तिथेच दादाला पैसे पाठवले. दादाने फोन पाहिला आणि खिशात टाकला. 'कशाला' विचारलं नाही.

जायला निघाल्यावर वहिनी म्हणाल्या, "माझंही रिटर्न भरा."

"वहिनी, तुमचं उत्पन्न इतकं कमी आहे की भरायची गरजच नाही."

"गरज नाही हे कळलं. भरायचंय."

मी भरलं. त्या शेजारी बसून एकेक ओळ वाचत होत्या. झाल्यावर त्यांनी पर्स उघडली आणि माझी फी टेबलावर ठेवली. घरच्यांकडून मी कधी पैसे घेतलेले नाहीत. 'नको' म्हणायला तोंड उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि घेतले. पावतीही फाडून दिली, त्यांच्या पूर्ण नावाने.