पूर्वेचा आकडा आधी

बायको गेली आणि घरात बोलायला माणूस उरलं नाही. साताऱ्यात दोन खोल्या, पेन्शन, आणि टीव्ही. मी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्यांशी भांडायचो. "काय अक्कल गहाण टाकलीस काय रं?" असं मोठ्यानं ओरडायचो, आणि पलीकडून काहीच उत्तर आलं नाही की अजून चिडायचो. लेक नाशिकला असते. रविवारी फोन करते. "जेवलात का?" "जेवलो." "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." मग तीच म्हणते, "बरं, ठेवू का?" फोन ठेवला की पुढचे सहा दिवस माझे मलाच.

त्यामुळं सांगलीच्या एका संस्थेत काम मिळालं तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखं झालं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन नर्स पट्टी बदलते, नळी बदलते, औषध देते, असं त्या संस्थेचं काम. आटपाडीकडं त्यांची पंचाईत झाली होती. वस्त्या विखुरलेल्या, रस्त्याला नाव नाही, घराला नंबर नाही. पत्ता विचारावा तर "पाण्याच्या टाकीपासनं खाली या, मग कुणालाबी इचारा." त्यात निम्म्या घरांतले कर्ते पुरुष सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात, कुणी केरळात, कुणी मद्रासकडं. विचारायचं तरी कुणाला? म्हणून प्रत्येक पेशंटच्या दारात उभं राहून त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहून आणायचे, असं ठरलं. आणि हे काम मला सोडून दुसऱ्या कुणाला द्यायचं? मी तोफखान्यात सर्व्हेचा हवालदार होतो. तोफ कुठं उभी आहे आणि गोळा कुठं पडायचा, हे काढण्यात माझी उमर गेली. मी छाती फुगवूनच मोटरसायकलला किक मारली.

महिनाभर आटपाडीत एका लॉजवर राहिलो. सकाळी निघायचो, हातातल्या जीपीएसवर आकडा स्थिर होईपर्यंत दारात थांबायचो आणि फॉर्मवर लिहायचो. खोटं कशाला बोलू, मला त्या कामापेक्षा घरं आवडायची. दारात अनोळखी माणूस आला की म्हातारी माणसं लगेच बोलायला लागतात, आणि मी तर बोलण्याचा भुकेला.

त्यातलीच एक मावशी. गावापासून दीड कोस, माळावर एकच घर. ऐंशी तरी वय असेल. दोन्ही पोरं गलाईच्या धंद्यात, तिकडंच संसार. पलीकडच्या रानातली पुतणसून सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि पाण्याची कळशी ठेवून जायची, बाकी दिवसभर कुणी नाही. साखरेचा आजार, डाव्या पायाला जखम. नर्स दिवसाआड येऊन पट्टी करायची. "डाक्टर म्हनला, पट्टी चुकली तर पाय जाईल," ती म्हणाली, आणि मग एकदम हसून, "आवं, कुटं जायाचाय त्यो? माज्याबिगर त्याला कोन हाय?" मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. चूल पेटवायला तिला अर्धा तास लागला. मी मदत करायला उठलो तर म्हणाली, "बस दादा, तेवडाच येळ जातू."

मी तिच्या दाराचे आकडे लिहिले आणि निघालो. फॉर्मवर जागेसाठी एकच लांब चौकट होती. वर "ठिकाण" एवढंच छापलेलं. कुठला आकडा आधी, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. मला कुणी सांगायची गरजही वाटली नाही. फौजेत पहिल्या दिवसापासून डोक्यात हाणून बसवलेलं असतं: नकाशावर आधी आडवं चालायचं, मग वर चढायचं. पूर्वेचा आकडा आधी, उत्तरेचा नंतर. झोपेतून उठवून विचारलं तरी हेच सांगेन. मी लिहिलं, ७४.९४, १७.४२, पुढचे बारीक आकडे वेगळे. चाळीसच्या वर घरं अशी लिहिली, अक्षर मोत्यासारखं, खाली सही.

फॉर्म सांगलीला दिले आणि साताऱ्याला परत आलो. परत टीव्ही, परत भांडण.

महिनाही झाला नसेल, सांगलीच्या ऑफिसातून फोन आला. तिथं कॉम्प्युटरवर माहिती भरणारी एक बाई होती, कुपवाडची, तीस-बत्तीसची. जिभेवर तिखट, पण कामाला चोख.

"काका, तुमचे आटपाडीचे सगळे पेशंट समुद्रात पडलेत."

"आटपाडीत प्यायला पाणी न्हाई, समुद्र कुटला काढलास?"

"खरंच सांगते. आकडे उलटे लिहिलेत बहुतेक. अक्षांश आधी पाहिजे. तुम्ही एकदा बघून सहीनिशी कळवा, फॉर्मवरचा आकडा मला माझ्या मनानं हलवता येत नाही. आणि जरा लवकर हं, कारण—"

कारण काय ते मी ऐकलंच नाही. डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "बाई, तू जन्मली नव्हतीस तवापासून मी नकाशा वाचतोय. तुज्या डबड्यात बिघाड असेल, त्याला दाखव जा." आणि फोन आपटला. त्यानंतर तिचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. एवढ्या महिन्यांत माझा फोन इतक्या वेळा कधी वाजला नव्हता, आणि मी मिशीला पीळ देत बसलो होतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच.

असे आठ दिवस गेले. आठव्या दिवशी दुपारी म्हटलं, हिला एकदा तोंडावर पाडूच. फॉर्मच्या झेरॉक्स माझ्याजवळ होत्या. सगळ्यात वर मावशीचाच निघाला. मोबाईलवर नकाशा उघडला, आकडे जसेच्या तसे टाकले.

स्क्रीन निळी झाली. निळी म्हणजे नुसती निळी, मधे एक लाल टाचणी. मला वाटलं नेट गेलं. बोटांनी नकाशा लहान करत गेलो. निळंच. अजून लहान केला, तेव्हा एक बारकंसं बेट दिसलं, आणि बऱ्याच वेळानं खाली नॉर्वे देशाचं टोक. पुढं बर्फ. यंत्रानं पहिला आकडा उत्तरेचा धरला होता. चौऱ्याहत्तर अंश उत्तर म्हणजे पार ध्रुवाकडं. अक्षांश नव्वदच्या आत असला की यंत्राला तो खराच वाटतो, त्यामुळं ते बिचारं कुरकुरलंही नव्हतं. माझं शास्त्र फौजेच्या नकाशावर बरोबर होतं. इथं ते कुणी मागितलंच नव्हतं.

मग आठवलं. ती बाई "कारण" म्हणाली होती. मी फोन लावला.

तिनं एका शब्दानं टोमणा मारला नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाली, "काका, जुन्या नर्सला घरं पाठ होती. ती मिरजेला बदलून गेली. नवीन नर्स मोबाईलवर येणाऱ्या यादीनं फिरते. जिल्ह्याच्या हद्दीबाहेरचा बिंदू यादीत येतच नाही. बाकीच्यांच्या घरचे फोन करून ओरडले, त्यांच्याकडं तिला पत्ता विचारत पाठवलं. त्यावरनंच मला हे सापडलं. ज्यांचा फोन आला नाही, त्यांच्याकडं कोण गेलंय का, मला माहीत नाही."

मावशीकडं फोनच नव्हता.

चूक माझी, असं मी सहीनिशी लिहून त्याचा फोटो पाठवला आणि तिनं तासाभरात सगळं दुरुस्त केलं. आपल्या सांगली-साताऱ्यात पहिला आकडा सोळा ते अठराच्या मधला, दुसरा चौऱ्याहत्तरच्या आगेमागे. पहिला मोठा दिसला की तेवढ्याच जोडीची अदलाबदल. सरसकट केली असती तर जुन्या नर्सनं आधीच नीट लिहून दिलेली काही घरं समुद्रात गेली असती. हे ती मला समजावून सांगत होती आणि मी हेल्मेट शोधत होतो.

विट्यामार्गे आटपाडी गाठेपर्यंत उन्हं कलली होती. नवीन नर्स माझ्या आधी पोचली होती. दारातच वास आला. मावशी बाजेवर, पाय सुजून काळा-निळा. पट्टी तीच, तीन आठवड्यांची. पुतणसून कोपऱ्यात रडत म्हणत होती, "मला म्हनल्या नर्सबाई येऊन जात्यात दुपारच्या. मी रानात आस्ते, मला काय ठावं?"

"आसं का सांगितलंस मावशी?" मी ओरडलोच.

"तिला कशाला घोर?" मावशी म्हणाली. "मला वाटलं माजं नाव कमी केलं. म्हातारं मानूस, किती दीस करतील लोकं?"

मी अंगणात गेलो आणि रडलो. बायको गेली तेव्हा चार माणसांत रडायची लाज वाटली होती. या वेळी नर्स बघत होती तरी थांबता आलं नाही.

मिरजेच्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. थोरला मुलगा आला, आठ दिवस राहिला, "चल माझ्याबरोबर" म्हणाला. ती नाही म्हणाली, आणि त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी मावशीला सगळं खरं सांगितलं. चूक माझी, आणि चुकीपेक्षा माझा ताठा मोठा, असंही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय का. च्या पिनार?"

आता दर गुरुवारी जातो. नर्स तिची पट्टी करते, मी चूल पेटवतो. मागच्या गुरुवारी तिनं विचारलं, "दादा, ते तीन आटवडं मी नकाशात कुटं हुते म्हनं?"

मी मोबाईल काढून दाखवला. निळं पाणी, लाल टाचणी, बाजूला ते बेट. तिनं डोळे बारीक करून बघितलं.

"लय थंडी आसंल."

"लय. बर्फ असतं."

"कोन ऱ्हातं का तितं?"

"टाचणी आहे तिथं नाही. त्या बेटावर हवामान बघायला आठ-दहा माणसं असतात म्हणे. एकत्र राहतात, एकत्र जेवतात."

मावशीनं मोबाईल माझ्या हातात परत दिला आणि माळाकडं तोंड करून म्हणाली, "मंग हितल्यापरास बरं की रं."

मी चुलीत लाकूड सारलं आणि निघायची वेळ झाली होती तरी बसून राहिलो.