चहा कुणी आणला

जोसलिन ट्रेंगोव्हनं आयुष्यभर विद्यापीठात इतिहास शिकवला. जुनी कादंबरी पुरावा म्हणून कशी वाचायची, हा तिचा हातखंडा. पोरांना ती सांगायची, ‘गोष्ट काय घडली ते कादंबरी सांगत नाही. लिहिणाऱ्याला काय सहज वाटत होतं, ते सांगते.’ पोरं लिहून घ्यायची. तिचा पगार त्यावर चालला, नावही झालं.

निवृत्तीनंतर सरकारी वकिलांनी तिला जमिनीच्या दाव्यात तज्ज्ञ म्हणून नेमलं. लॉरेल डाउन्स नावाचा मेंढ्यांचा माळ, त्यातून जाणारा ओढा. तिथल्या मूळच्या आदिवासींपैकी एक वडीलधारी बाई, आंटी व्हेरोनिका, हिचं कुटुंब म्हणत होतं, ही आमची जमीन, गोरे आले तरी आमची माणसं इथून हलली नाहीत. जमिनीशी हे नातं तुटलं नाही असं ठरलं तरच दावा टिकणार होता. माळाची मजुरीची वहीखाती आगीत गेलेली. उरली होती १९०९ सालची एक कादंबरी. माळाच्या मालकाची मेहुणी त्याच्या घरात तीन वर्षं राहिली होती, तिनं लिहिलेली. त्यात आदिवासी माणूस एकही नव्हता. जोसलिननं आपल्या छापून निघालेल्या अहवालात लिहिलं: तोवर ही माणसं माळावरून गेली असावीत. आंटीच्या कुटुंबाच्या आठवणींना तिनं ‘उशिराच्या आठवणी’ म्हटलं आणि खालच्या टिपेत ढकललं.

सुनावणी ओढ्याकाठीच लागली. ताडपत्रीखाली न्यायाधीश, वकील, प्लास्टिकच्या खुर्च्या. आंटी पहिल्या रांगेत, डोक्यावर टोपी, हातात माशा हाकायची फांदी. कालच तिची साक्ष झाली होती. तिच्या आजीनं त्या घरात कपडे धुतले होते, हे तिनं शपथेवर सांगितलं होतं.

आंटीच्या बाजूचा वकील फेरिस जोसलिनची उलटतपासणी घ्यायला उठला. हातात तीच कादंबरी. तो शांतपणे वाचू लागला.

‘“बैठकीत चहा आला. चादरी उन्हात पडल्या होत्या. बाळाला झोपवण्यात आलं.” डॉक्टर ट्रेंगोव्ह, चहा कुणी आणला?’

‘कादंबरीत सांगितलेलं नाही.’

‘चादरी कुणी वाळत घातल्या?’

‘तेही नाही.’

फेरिसच्या मागून आंटी आपल्या भाचीला म्हणाली, ‘मोठं घर गं. तिथं चादरी आपल्या आपण दोरीवर चढतात.’ तिच्या माणसांत हसू पसरलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं, मग खाली.

जोसलिनचे कान तापले. ही पानं तिनं कितीदा वाचली होती. लिहिणाऱ्या बाईच्या भाषेवर तिचा जीव होता. चहा येतो, दिवे लागतात, मूल झोपतं. तिला ते कायम सुंदरच वाटत आलं. दुसरं कुठलं पुस्तक असतं, तर करणारा माणूसच नाही, हे तिनं वर्गात पहिल्या तासाला दाखवलं असतं.

फेरिसला आता पुढचं पाऊल टाकायचं होतं. ‘म्हणजे चहा आणणाऱ्या माझ्या अशिलांच्या पूर्वजच होत्या, असं म्हणता येईल ना?’

‘हो’ म्हटलं असतं तर ओझं हलकं झालं असतं. समोर आंटी बघत होती.

‘नाही,’ जोसलिन म्हणाली. ‘आयरिश मुलगी असेल, चिनी स्वयंपाकी असेल. कादंबरीवरून एवढंच कळतं, की लिहिणारीला आणि तिच्या वाचकांना ते हात दिसत नव्हते. त्या हातांचा रंग त्यातून काढता येत नाही.’

आंटीची फांदी थांबली.

‘पण माणसं नव्हती, हेही त्यातून काढता येत नाही,’ जोसलिन म्हणाली. ‘मी काढलं. तो परिच्छेद मी मागे घेते.’

न्यायाधीशांनी चष्मा काढला. ‘तुमच्या निष्कर्षाला दुसरा आधार आहे का, डॉक्टर?’

‘नाही.’

‘आणि काल या बाईंनी दिलेली साक्ष?’

‘त्या आपल्या आजीच्या हाताखाली वाढल्या. ती साक्ष तपासायला हवी होती, इतर नोंदींशी ताडून. मी ताडली नाही. एका बाईनं न लिहिलेल्या गोष्टीला मी जास्त वजन दिलं. चांगलं लिहिलं होतं म्हणून.’

सरकारी वकील कागद उलटत राहिला. उलटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत जोसलिन गाडीकडे निघाली, तर आंटी वाटेतच उभी. हात पुढे करावा की माफी मागावी, काही सुचेना. माफीचं वाक्य तिनं तोंडात दोनदा जुळवलं.

‘ते वकिलाला नाही म्हणालीस,’ आंटी म्हणाली. ‘आमचा फायदा होता त्यात.’

‘खोटं झालं असतं, आंटी.’

‘आणि आधी लिहिलंस ते?’

जोसलिननं पिशवीतून गाडीची किल्ली काढली.

‘छापलंस ना? माझ्या नातवंडांनी वाचलं. धाकटीनं विचारलं, आपली खापरपणजी खरंच होती का?’

एवढं बोलून आंटी आपल्या माणसांत जाऊन बसली. कुणीतरी तिला ताट दिलं. जोसलिन उन्हात उभी राहिली, गाडीची किल्ली मुठीत धरून, आणि तिला कुणी बस म्हणालं नाही.