साबणाच्या मापाची मिरची

माझी वैनी विनीता कसालला भाजीची रोपं तयार करून विकते आणि रोपांपुढे तिला नवरासुद्धा दिसत नाही, हे मी नणंद असूनही कौतुकाने सांगते. गेल्या वर्षी मात्र पावसाळी अंधारात तिची मिरचीची रोपं उजेडाच्या शोधात लांबच लांब वाढली आणि लोकांनी शेतात लावताच आडवी पडली. गावभर चर्चा झाली. यंदा तसं झालं तर नर्सरी बंद, असं तिने गणपतीसमोर सांगून टाकलं.

म्हणून खरी पेरणी करण्याआधी तिने चाचणी घेतली. बी एकच, कोकोपीट एकच, ट्रेही एकसारखे. फरक फक्त उजेडाचा. वैनीचा ट्रे मागच्या अंगणात पारदर्शक प्लॅस्टिकच्या छपराखाली, आमच्या आयेचा पडवीत हिरव्या जाळीखाली, आणि माझ्या भावाचा, गुरुदासदादाचा, न्हाणीजवळच्या खोलीत एलईडी ट्यूबखाली. दादाने त्या ट्यूब थेट आढ्याला टांगल्या होत्या. "सूर्य काय ढोपराएवढो खाली येता?" हे त्याचं शास्त्र.

परीक्षक मी. मी मालवणात, त्यामुळे दर रविवारी तिन्ही फोटो माझ्या मोबाइलवर येत. पहिल्याच आठवड्यात मी रुबाबात नियम काढला, की फोटो लांबून-जवळून निघतात, तेव्हा प्रत्येक ट्रेशेजारी एकाच मापाची वस्तू ठेवायची. आयेने अंघोळीच्या साबणाच्या तीन नव्या वड्या काढून एकेका ट्रेपाशी ठेवल्या. मी फोटो लहानमोठे करून साबण सारखे करायचे आणि मग रोपं जुळवून बघायचे. अशी हुशारी आमच्या घराण्यात पूर्वी कुणी केली नव्हती, असं मला मनापासून वाटत होतं.

आठवड्यामागून आठवडे दादाची रोपं उंच दिसू लागली, खोडंही जाड. वैनीची त्यांच्यापुढे खुरटी. शेवटच्या रविवारी मी निकाल कळवला, की दादाचा ट्रे पहिला. दादाने कुडाळहून आणखी ट्यूब आणायची तयारी केली. वैनी फोनवर एवढंच म्हणाली, "बरा. उद्या माझो प्लॅस्टिक काढतंय."

तिचा आवाज मला सोसेना. जेवण टाकून मी मोबाइलमधले सगळे फोटो पुन्हा उघडून बसले. एकाखाली एक लावले आणि बघते तर काय, दादाच्या ट्रेमधले खणसुद्धा दर आठवड्याला मोठे होत होते. रोप वाढेल, मान्य. प्लॅस्टिकचा खण कोणतं खत खाऊन वाढणार?

मी तसाच व्हिडिओ कॉल लावला. "दादा, तुझ्या ट्रेकडचो साबण दाखव."

"साबण? अगो, खोलीच्या दारातच नळ. बांगडे साफ केले की त्याच साबणान हात धुतंय मी."

त्याने मोबाइल वळवला. साबण कसला, सुपारीएवढा चपटा तुकडा. वैनीच्या वडीचा कागददेखील सुटलेला नव्हता. साबण झिजत होता, मी तो सारखा करायला फोटो फुगवत होते, आणि दादाची रोपं घरबसल्या पैलवान होत होती. मला असं हसू फुटलं की बोलता येईना. पलीकडे आये तर पडवीत बसून डोळे पुसत होती. "इतके बांगडे धुतलंस मेल्या, म्हणान तुझी मिरची वाढली!"

मग मी साबण सोडून खण सारखे केले. फोटोंनी रूपच पालटलं. दादाची रोपं उंच खरी, पण खोडं दोऱ्यासारखी, पानांमध्ये लांब लांब अंतर. आयेची त्याहून वाकडी. वैनीची सगळ्यांत बुटकी, जाड खोडाची, पानं जवळजवळ आणि गडद हिरवी. दादाने वैनीला हाक मारली, तिन्ही ट्रे पडवीत आणले आणि त्यांच्यावरून तळवा फिरवला. त्याची लोळली, आयेची लोळली, वैनीची वाकून पुन्हा ताठ झाली.

"वैनी, तू जिंकलंस," मी म्हटलं. "तू रोज हात फिरवतंस ना? तुका कळला नाय?"

"कळत होता गो, सारिका," ती म्हणाली. ती हसत होती आणि रडतही होती. "पण तुझो निकाल इलो, आणि माका वाटला, गेल्या वर्षी पडली, आताय माझोच हात फसलो आसतलो."

माझं हसू तिथेच थांबलं. दादाने स्टूल घेतलं आणि खोलीतल्या ट्यूब उतरवायला निघाला. वैनी त्याला म्हणाली, "तां ऱ्हवांदे. आधी मिरचीचा बी आणा. सगळा माझ्या प्लॅस्टिकाखाली पेरतलंय."